जीएसटीच्या आदेशावर अपील: आधी किती भरायचं, कशातून भरायचं आणि कधीपर्यंत

गेल्या नोव्हेंबरात, २७ तारखेला, बेळगावच्या रविवार पेठेतले एक हार्डवेअरवाले अण्णा माझ्याकडे आले. हातात कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला दिलेला आणि परत आलेला चेक. खात्यात पैसे होते, तरी परत आला. बँकेत विचारलं तर मॅनेजरने एक कागद दाखवला: जीएसटी खात्याची नोटीस, या खातेदाराकडून ८ लाख ३० हजार ४०० रुपये येणं आहे, ते आमच्याकडे जमा करा.

"आदेश कधी झाला, अण्णा?"

"कुठला आदेश? माझ्याकडं एक कागद आलेला नाही की."

कागद आला नव्हता हे खरंच होतं. आदेश पोर्टलवर आला होता. मी त्यांच्या लॉगिनने `Services > User Services > View Additional Notices/Orders` इथे गेलो तेव्हा मागणीच्या आदेशाची DRC-07 तिथे पडलेली होती. तारीख १८ ऑगस्ट २०२५. ईमेल आणि एसएमएसही गेले होते, पण नोंदणीत नंबर होता त्यांच्या जुन्या अकौंटंटचा, आणि तो दोन वर्षांपूर्वी काम सोडून पुण्याला गेला. आपल्याकडच्या निम्म्या दुकानांची हीच गत आहे. नोंदणी करताना ओटीपी पटकन मिळावा म्हणून अकौंटंट स्वतःचा नंबर घालतो, आणि पुढे तो नंबर बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

अण्णांचंच प्रकरण घेऊन अपिलाचा सगळा हिशेब मांडतो. दुकानाची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण रीत तीच आहे.

प्रकरण २०२१-२२ सालच्या आयटीसीचं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटचं होतं. कोल्हापूर आपल्याला घरच्यासारखं. सकाळी जाऊन संध्याकाळी माल घेऊन येतो. कायद्याला मात्र ते परराज्य, म्हणून तिथल्या बिलावर आयजीएसटी लागतो. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने आपल्या रिटर्नमध्ये अण्णांचा जीएसटी नंबर न घालता ती बिलं किरकोळ विक्रीत दाखवली. त्यामुळे पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या अण्णांच्या 2A मध्ये ती दिसली नाहीत. हुबळीच्या एका पुरवठादाराचीही काही बिलं अशीच गायब. अण्णांनी क्रेडिट मात्र पूर्ण घेतलं होतं. नोटिशीला उत्तर गेलं नाही (तीही पोर्टलवरच पडून होती), म्हणून कलम ७३ खाली एकतर्फी आदेश झाला. त्यात कर ४ लाख ८० हजार: आयजीएसटी २ लाख ४० हजार, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी १ लाख २० हजार. त्यावर व्याज ३ लाख २ हजार ४०० आणि दंड ४८ हजार.

आधी मुदतीचं बघू, कारण पैशाची चूक नंतर सुधारता येते, मुदतीची येत नाही.

कलम १०७ सांगतं की आदेश कळवल्या तारखेपासून तीन महिन्यांत अपील करायचं. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, कॅलेंडरचे महिने. १८ ऑगस्टचा आदेश, तर १८ नोव्हेंबर शेवटचा दिवस. दिवस मोजले तर ते ९२ भरतात. ९० चा हिशेब धरून कुणी दोन दिवस आधी हात टेकले तर ते उगाचच. आणि आदेश 'कळवला' म्हणजे तुम्ही तो वाचला असं नाही. कलम १६९ मध्ये कळवण्याचे जे मार्ग दिलेत त्यात पोर्टलवर उपलब्ध करून देणं हाही एक आहे. त्यामुळे "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर घड्याळ उशिरा सुरू होत नाही. कोर्टात यावर भांडणं झाली आहेत आणि काही जणांना दिलासाही मिळालाय, पण त्या भरवशावर दुकान चालवू नये.

तीन महिने उलटले तर पुढे एक महिना असतो. त्या महिन्यात उशीर माफ करायचा अधिकार अपील अधिकाऱ्याला आहे, पण उशिराचं पटण्यासारखं कारण दाखवावं लागतं. अण्णांचा तो महिना १८ डिसेंबरला संपत होता. त्यानंतर अपील अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. तुमचं कारण कितीही खरं असलं तरी तो एका दिवसाचाही उशीर माफ करू शकत नाही, कारण कायद्याने त्याला तेवढाच अधिकार दिलाय. मग उरतो धारवाडच्या हायकोर्ट खंडपीठात रिट करण्याचा रस्ता. तो खर्चिक आहे आणि तिथेही मुदत का चुकली याचंच उत्तर आधी द्यावं लागतं.

इथे एक गैरसमज सांगतो, कारण दर वर्षी दोन-तीन जण त्यात सापडतात. आदेशात हिशेबाची चूक दिसली की लोक दुरुस्तीचा अर्ज देतात आणि त्याच्या निकालाची वाट बघत बसतात. दुरुस्तीचा अर्ज जरूर द्या, पण अपिलाचं घड्याळ त्याने थांबलं असं धरून बसू नका. दोन्ही बरोबर चालवा.

म्हणजे अण्णा आले तेव्हा मूळ मुदत जाऊन नऊ दिवस झाले होते आणि माफीच्या महिन्यातले एकवीस दिवस हातात होते.

आता पैसे. अपील करायचं तर आधी दहा टक्के भरावे लागतात, त्यालाच प्री-डिपॉझिट म्हणतात. अण्णांचा पहिला प्रश्न: "आठ लाखाचे दहा टक्के म्हणजे त्र्याऐंशी हजार भरायचे का?" नाही. दहा टक्के मोजायचे ते फक्त वादातल्या करावर. व्याज आणि दंड त्या हिशेबात धरायचे नाहीत. आदेशातली एकूण रक्कम तळाला ठळक छापलेली असते, म्हणून नजर तिच्यावर जाते आणि माणूस नको तेवढा घाबरतो. अण्णांनी सगळाच कर नाकारला असता तर ४ लाख ८० हजाराचे दहा टक्के, म्हणजे ४८ हजार भरून काम झालं असतं.

पण कायद्यात दहा टक्क्यांच्या आधी आणखी एक ओळ आहे. आदेशातली जी रक्कम तुम्ही मान्य करता ती पूर्ण भरायची, कर, व्याज, दंड सगळं धरून. उरलेल्या वादातल्या कराचे दहा टक्के त्याच्यावर. आम्ही दोन दिवस बसून बिलं लावली. हुबळीच्या एका बिलाचं क्रेडिट दोनदा घेतलेलं सापडलं: सीजीएसटी २० हजार, एसजीएसटी २० हजार. ही चूक अण्णांचीच होती आणि त्यावर भांडायला काही नव्हतं.

ते ४० हजार मान्य केले तर त्यावरचं आदेशाच्या हिशेबाने निघणारं व्याज २५ हजार २०० आणि दंडाचा वाटा ४ हजार, असे मिळून ६९ हजार २०० पूर्ण भरायचे. उरला वादातला कर: आयजीएसटी २ लाख ४० हजार, सीजीएसटी १ लाख, एसजीएसटी १ लाख. त्यांचे दहा टक्के २४ हजार, १० हजार आणि १० हजार, म्हणजे ४४ हजार. सगळे मिळून १ लाख १३ हजार २००.

अण्णांचा मुलगा म्हणाला, "सर, काहीच मान्य केलं नाही तर ४८ हजारांत भागतंय की." भागतं, कायद्याला ते चालतं. पण त्या ४० हजारांवर १८ टक्क्यांनी व्याज अपील संपेपर्यंत चढत राहतं. शिवाय सुनावणीत अधिकारी ते बिल उघडतो आणि मग खऱ्या बिलांकडेही संशयाने बघतो. मी मान्य करण्याच्या बाजूचा आहे. मात्र पैशाची अगदीच ओढाताण असेल तर तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. हातात ४८ हजारच असताना मुदत घालवण्यापेक्षा ४८ हजारांत अपील केलेलं केव्हाही बरं.

दहा टक्क्यांना वरची मर्यादाही आहे, नोव्हेंबर २०२४ पासून सीजीएसटी आणि एसजीएसटीला प्रत्येकी २० कोटींची. आपल्या पेठेत तिची गरज पडत नाही. गरज पडते ती दुसऱ्या एका नियमाची. आदेशात कर नसून नुसताच दंड असेल, उदाहरणार्थ ई-वे बिलावरून गाडी अडवली तेव्हाचा, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून दंडाच्या दहा टक्के भरून अपील करता येतं. गाडी अडवल्याच्या दंडाला पूर्वी २५ टक्के भरावे लागत. कोगनोळीच्या रस्त्याने माल आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पहिल्या अपिलाला वेगळी फी नाही. प्री-डिपॉझिट आणि सल्लागाराची मजुरी, एवढाच खर्च.

भरायचं कशातून? दोन खिसे आहेत: इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर आणि क्रेडिट लेजर. वादातल्या कराचे दहा टक्के क्रेडिट लेजरमधून भरता येतात. यावर बरीच वर्षं ओढाताण चालली. काही अधिकारी रोखीनेच भरा म्हणून अपील अडवत. गुजरात हायकोर्टाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. व्याज आणि दंड मात्र रोखीनेच, तिथे क्रेडिट चालत नाही. रिव्हर्स चार्जच्या करालाही नाही.

अण्णांच्या क्रेडिट लेजरमध्ये सीजीएसटी आणि एसजीएसटीचे प्रत्येकी १४ हजार पडून होते. त्यातले दहा-दहा हजार आम्ही प्री-डिपॉझिटला वापरले. उरलेले चार-चार त्या महिन्याच्या रिटर्नला ठेवले. बाकी ९३ हजार २०० रोख भरायचे होते.

रोख म्हणजे बँकेच्या खिडकीवर नव्हे, खिडकीवर एका चलनाला १० हजारांची मर्यादा आहे. नेटबँकिंग, एनईएफटी-आरटीजीएस अशा मार्गाने भरावं लागतं. आणि इथेच आमची गाडी अडली, कारण अण्णांचं खातं त्या नोटिशीमुळे अडकलेलं. पण चलन ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच खात्यातून पैसे गेले पाहिजेत असं नाही. आम्ही अण्णांच्या नोंदणीवर चलन तयार केलं आणि शुक्रवारी, ५ डिसेंबरला, मुलाच्या खात्यातून एनईएफटी केलं. एनईएफटी-आरटीजीएसच्या चलनाला बँकेचा मँडेट फॉर्म निघतो. त्यावरचा लाभार्थी खाते नंबर अंकन् अंक जुळला पाहिजे, नाहीतर रक्कम परत येते. लेजरमध्ये जमा दिसायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दिवशी एनईएफटी-आरटीजीएस करणं म्हणजे जुगार.

चलन भरताना रकाने नीट बघा. आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी असे प्रत्येक कराचे रकाने वेगळे आणि प्रत्येकात कर, व्याज, दंड वेगळे. अण्णांचं चलन असं होतं: आयजीएसटीत करापोटी २४ हजार, सीजीएसटीत करापोटी २० हजार, व्याज १२ हजार ६००, दंड २ हजार, एसजीएसटीत तेवढेच. सगळी रक्कम आयजीएसटीच्या 'कर' रकान्यात टाकून मोकळे होणारे पुष्कळ. तसं झालं तर पैसे बुडत नाहीत, PMT-09 भरून कॅश लेजरमध्येच इकडचे तिकडे करता येतात, पण मुदतीच्या तोंडावर तो व्याप नको.

सीमेवरच्या घरांसाठी एक जादाची सूचना. एक दुकान बेळगावात आणि एक चंदगडला असं अनेकांचं असतं. पॅन एक, नोंदणी दोन: २९ ने सुरू होणारी कर्नाटकची, २७ ने सुरू होणारी महाराष्ट्राची. आदेश २९ वर आहे तर लॉगिन २९ चंच हवं, चलन २९ चंच आणि अपीलही कर्नाटकातल्याच अधिकाऱ्यापुढे. ब्राउझरमध्ये जुनं लॉगिन उघडं राहून २७ वर चलन निघालेलं मी स्वतः पाहिलंय.

पैसे कॅश लेजरमध्ये आले म्हणजे प्री-डिपॉझिट भरलं असं नाही. लेजर म्हणजे तुमची पोर्टलवरची थैली. त्यातून रक्कम या आदेशापोटी वळती झाली पाहिजे, आणि ती होते अपील भरतानाच. `Services > User Services > My Applications` मध्ये जाऊन `Appeal to Appellate Authority` निवडायचं आणि आदेशाचा नंबर टाकायचा. मागणीचे आकडे पोर्टल स्वतः आणतं. मान्य रक्कम तुम्ही भरता, वादातली उरते, तिचे दहा टक्के निघतात, आणि कुठल्या लेजरमधून किती ते तिथेच सांगायचं. हाच अपिलाचा फॉर्म, APL-01.

या पायरीवर सगळ्यात जास्त पाय घसरतो तो DRC-03 मुळे. घाईत कुणीतरी सांगतं, "DRC-03 ने भरून टाका." पैसे सरकारजमा होतात, पावती मिळते, पण DRC-03 स्वखुशीने भरण्याचा फॉर्म आहे. तो आदेशाच्या मागणीशी आपोआप जोडला जात नाही. लायबिलिटी रजिस्टर उघडलं की पूर्ण मागणी तशीच उभी दिसते, आणि अपील भरताना पोर्टल पुन्हा दहा टक्के मागतं. अशी चूक झालीच असेल तर DRC-03A भरून ती रक्कम त्या आदेशाला जोडता येते. हा फॉर्म २०२४ मध्ये आला. त्याआधी अशा लोकांना ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागत.

उशिराच्या रकान्यात आम्ही 'होय' केलं, वीस दिवस लिहिले आणि कारण दिलं: नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल काम सोडून गेलेल्या अकौंटंटचे होते, आदेश बँकेच्या नोटिशीनंतर कळला. नुसतं म्हणून चालत नाही. त्या अकौंटंटचं पत्र, बँकेचं पत्र, परत आलेला चेक आणि नोंदणीत नंबर बदलल्याची पावती असं सगळं जोडलं. 'व्यापारी अशिक्षित आहे' किंवा 'सणासुदीची गर्दी होती' असली कारणं मी लिहित नाही. अधिकारी ती रोज वाचतो. मुद्द्यांसोबत खरेदीची बिलं, लॉरी पावत्या, बँकेचे उतारे आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं 'हा माल यांनाच विकला, कर भरला' असं प्रमाणपत्र लावलं.

अपील ८ डिसेंबरला गेलं. आदेश पोर्टलवर असेल तर त्याची प्रत ऑफिसात नेऊन द्यावी लागत नाही, तात्पुरत्या पोचेची तारीख हीच अपिलाची तारीख धरतात. आदेश फक्त कागदावर मिळाला असेल तर मात्र स्वतः साक्षांकित केलेली प्रत सात दिवसांत द्या. उशीर झाला तर प्रत दिल्याची तारीख अपिलाची तारीख ठरते आणि मुदतीतलं अपील मुदतीबाहेर जाऊ शकतं.

प्री-डिपॉझिट भरून अपील झालं की उरलेल्या रकमेची वसुली थांबली असं कायदाच मानतो, त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागत नाही. पण बँकेला हे आपोआप कळत नाही आणि ज्या अधिकाऱ्याने नोटीस काढली त्यालाही कळेलच असं नाही. आम्ही त्याच दिवशी अपिलाची पोच, चलन आणि लेजरचा उतारा असा गठ्ठा करून वसुली अधिकाऱ्याच्या टपालात दिला, शिक्का घेतला, आणि तीच शिक्क्याची प्रत बँकेत. उशीर माफ व्हायचा बाकी असल्यामुळे ऑफिसात थोडी कुरबूर झाली. खातं मोकळं व्हायला दोन आठवडे गेले.

जिंकलं तर भरलेले ४४ हजार भरल्या तारखेपासूनच्या व्याजासह परत मिळतात. मान्य केलेले ६९ हजार २०० अर्थातच नाहीत. हरलं तर पुढे जीएसटी ट्रिब्युनल. तिथे वादातल्या कराचे आणखी दहा टक्के, म्हणजे अण्णांच्या बाबतीत आणखी ४४ हजार, आणि तिथे फीसुद्धा आहे. मी अण्णांना तो आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवायला सांगितलं. त्यांनी तो लिहिला, आणि खाली कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं नाव लिहून त्याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.